स्वस्तातला डेव्हलपर, डुप्लिकेट माल आणि सलूनचं नाव: या चुका टाळा

मागच्या मे महिन्यात माझ्याकडं एक जुन्या कस्टमर काकू केसांना कलर लावून गेल्यावर आठ दिवसांत परत आल्या, म्हणाल्या अगं पांढरे तर तसेच दिसून राहिले, काहून? शेड तीच, हात तोच, 35 मिनिटं ठेवलेलं. आपली चूक समजून मी फुकटात परत केलं तर तेच, आणि मग लक्षात आलं की कलरची ट्यूब आणि तिच्यात मिसळायचा डेव्हलपर, दोन्ही माल नवीन होता, बाईकवर बॅग घेऊन येणाऱ्या पोराकडून घेतलेला, डिस्ट्रिब्युटरपेक्षा बराच स्वस्त.

पहिली चूक तिथंच झाली, मी फक्त होलोग्राम पाहिला. होलोग्राम काय, कोणीही छापून आणतो. पाहायचा असतो बॅच नंबर. बहुतेक ट्यूबच्या खालच्या दुमडलेल्या टोकावर तो दाबलेला किंवा छापलेला असतो आणि बॉक्सवरचा नंबर त्याच्याशी जुळला पाहिजे. माझ्या ट्यूबवर तो नंबर कोणीतरी घासून काढलेला होता, नखाला खरखर लागत होती, आणि मी बॉक्स उघडून पाहिलाच नव्हता. आता घासतात काहून? कारण बॅचवरून कंपनीला कळतं की हा माल कोणत्या डिस्ट्रिब्युटरला दिला होता. म्हणजे घासलेली ट्यूब डुप्लिकेटच असेल असं नाही बरं का, ती खरी पण मागच्या दारानं निघालेली असू शकते. पण असा माल कुठं, किती दिवस, किती उन्हात पडून होता हे कोणालाच माहीत नसतं आणि तक्रार केली तर नंबरच नाही म्हटल्यावर कंपनी तरी काय शोधणार.

इम्पोर्टेड म्हणून देतात त्यावर इम्पोर्टरचं नाव-पत्ता आणि इम्पोर्टचा रजिस्ट्रेशन नंबर पाहा, इथं बनलेला असेल तर मॅन्युफॅक्चरिंग लायसन्स नंबर. ट्यूबच्या तोंडावरची सील आधीच फुटलेली असेल किंवा पहिल्याच दाबाला क्रीम काळपट निघालं तर हवा लागलेली आहे, ती वापरूच नका.

दुसरी चूक म्हणजे सगळा दोष ट्यूबला देणं. मला पण तसंच वाटलं होतं. मग मी एक सोपी टेस्ट केली, ती लिहूनच ठेवा. कटिंगमध्ये निघालेल्या, कधी कलर न केलेल्या पांढऱ्या केसांच्या चार बारीक जुड्या दोऱ्यानं बांधल्या. चार वाट्या घेतल्या, प्रत्येकीत 10 ग्रॅम क्रीम आणि 15 मिली डेव्हलपर (आमच्या ट्यूबवर एकास दीड लिहिलंय, तुमचं वेगळं असेल तर तसं घ्या), दोन्ही डेव्हलपर 20 व्हॉल्यूमचे म्हणजे 6 टक्के पेरॉक्साइडचे. पहिल्या वाटीत डिस्ट्रिब्युटरची ट्यूब आणि त्याचाच डेव्हलपर, दुसरीत बॅगवाल्याची ट्यूब आणि डिस्ट्रिब्युटरचा डेव्हलपर, तिसरीत उलट, चौथीत दोन्ही बॅगवाल्याचे. 35 मिनिटांनी धुतलं. पहिल्या दोन नीट रंगल्या, तिसरी-चौथी फिकट आणि ठिपक्यांची. म्हणजे ट्यूब काम करत होती, डेव्हलपर मेलेला होता.

पेरॉक्साइड उष्णतेत हळूहळू तुटतं, त्यातून ऑक्सिजन निघतो, आणि आपल्या नागपुरात मे महिन्यात टिनाच्या गोडाऊनमध्ये काय होत असेल ते सांगायला नको. बाटली फुगलेली दिसली तर घेऊच नका. पण नुसती टेस्ट करून डेव्हलपर बनावट होता की तापून गेलेला हे कळत नाही, कमजोर आहे एवढंच कळतं. आणि रंग चढला म्हणजे माल सेफ आहे असं पण नाही, आत काय घातलंय ते टेस्ट सांगत नाही. म्हणून नवीन सप्लायरच्या मालाची पॅच टेस्ट नव्यानं, 48 तास आधी, जुनी झाली असली तरी.

तिसरी चूक मी करता करता वाचले, सगळा माल रागानं फेकणार होते. फेकू नका! ट्यूब, बॉक्स, बाटली, बिल, पोराचे व्हॉट्सअॅप मेसेज सगळं एका डब्यात वेगळं ठेवा, फोटो काढा, कंपनीला पाठवा आणि संशय पक्का वाटला तर एफडीएच्या ऑफिसात लेखी द्या. बिलाशिवाय मात्र हे सगळं लंगडं पडतं, माझ्याकडं नुसती कच्ची चिठ्ठी होती. आता पक्कं बिल घेतलं की त्यावरचा जीएसटी नंबर पोर्टलवर टाकून दुकानाचं नाव जुळतं का पाहते, महाराष्ट्राचा नंबर 27 नं सुरू होतो.

काकूंना मी सरळ सांगितलं की माल खराब निघाला, पैसे परत केले, आणि लागोपाठ दोनदा झालेलं होतं म्हणून त्या दिवशी परत कलर लावला नाही. त्यांच्या कार्डावर आता शेडसोबत ट्यूब आणि डेव्हलपर दोन्हीचे बॅच नंबर लिहिते, म्हणजे उद्या काही झालं तर त्याच बॅचच्या बाकी कस्टमरना आधी फोन करता येतो.

आणि हो, रिकाम्या बाटल्या-बॉक्स तसेच भंगारात देत जाऊ नका. बाटलीला काप मारा, बॉक्स फाडा, नाहीतर तेच भरून परत तुमच्याच दारात येतात.