अप्पमची जाळीदार कड जमली ती अशी

अप्पम म्हणजे आंबवलेल्या तांदळाच्या पिठाचा, मध्ये मऊ नि कडेला जाळीदार असा केरळी घावन. तो करायच्या खोलगट कढईत, म्हणजे अप्पचट्टीत, माझं पीठ कडेला न चिकटता घसरून तळाशी जमायचं. कारण होतं जास्तीचं तेल आणि कमी तापलेली चट्टी. आता तेलाचं नुसतं बोट पुसते, मध्यम आचेवर पाण्याचा थेंब चुर्र करेपर्यंत तापवते. फार तापली तर पीठ पडल्या जागीच आळतं, फिरतच नाही.

आंबलेलं पीठ दुधापेक्षा किंचित दाट हवं. एक डाव ओतून लगेच दोन्ही कान धरून चट्टी एकदाच गोल फिरवायची. दुसऱ्या फेरीत कड जाड होते, जाळी बुजते. उरलेलं पीठ मध्ये साचू द्यायचं, तोच मऊ भाग. बुडबुडे फुटले की झाकण, मंद आच, दोन मिनिटं. मधला भाग बोटाला चिकटत नसेल, कड सोनेरी होऊन सुटली असेल, तर न उलटता काढायचं.