नववा प्रश्न: शाळेत सर्वेक्षणाला जाण्याआधी

किशोरवयीन मुलांच्या मानसिक स्वास्थ्याचं सर्वेक्षण करायला पहिल्यांदा शाळेत जाणाऱ्यांच्या पिशवीत बहुतेक वेळा पीएचक्यू-९ या नैराश्याची लक्षणं विचारणाऱ्या प्रश्नावलीची किशोरांसाठीची आवृत्ती असते. गेल्या दोन आठवड्यांबद्दल नऊ प्रश्न, प्रत्येकाला ० ते ३ गुण, एकूण २७. झोप, भूक, थकवा, अभ्यासात लक्ष असे आठ प्रश्न येतात आणि नववा विचारतो, आपण नसतो तर बरं झालं असतं किंवा स्वतःला इजा करावी, असे विचार मनात आले का. हे अनुभवकथन जवळजवळ सगळं त्या एका प्रश्नाभोवतीचं आहे, कारण माझ्या पहिल्या दोन सर्वेक्षणांतल्या सगळ्या चुका तिथेच झाल्या.

पहिली चूक एका शब्दाची होती. फॉर्मच्या वर आम्ही ‘निनावी सर्वेक्षण’ असं छापलं होतं. मुलं मोकळेपणाने लिहितील, हा हेतू. संध्याकाळी फॉर्म वाचताना एका मुलाने नवव्या प्रश्नाला ३ गुण दिलेले दिसले, म्हणजे जवळजवळ रोज. शेवटच्या मोकळ्या जागेत दोन ओळीही होत्या. तो कोण, हे शोधायचा कुठलाच मार्ग आम्ही ठेवला नव्हता. हस्ताक्षरावरून शोधावं, असं कोणीतरी सुचवलं. तसं केलं असतं तर दिलेला शब्द मोडला असता आणि तरीही चुकीचंच मूल हाती लागण्याची भीती होती. दुसऱ्या दिवशी समुपदेशक मॅडमनी वर्गात जाऊन सगळ्यांना सांगितलं की त्या कुठल्या खोलीत, कधी भेटतील. तो मुलगा आला की नाही, हे आजही मला माहीत नाही.

म्हणून नवीन लोकांना मी आधी हेच विचारते: तुमचं सर्वेक्षण निनावी आहे की गोपनीय? निनावी म्हणजे कोणालाच नाव कळणार नाही. गोपनीय म्हणजे नाव आहे, पण ते ठरलेल्या माणसालाच आणि ठरलेल्या कारणासाठीच कळेल. निनावी करायचं असेल तर नववा प्रश्न काढून टाका. आठ प्रश्नांची पीएचक्यू-८ ही आवृत्ती वापरात आहेच, आणि जिथे उत्तर वाचून लगेच मुलापर्यंत पोचता येत नाही अशा सर्वेक्षणांत ती मुद्दाम वापरतात. त्या दिवशी ज्या उत्तरावर काही करता येणार नाही, तो प्रश्न त्या दिवशी विचारू नये, असं माझं ठाम मत आहे.

प्रश्न विचारल्याने मुलांच्या डोक्यात नको तो विचार शिरेल, ही भीती मुख्याध्यापक आणि पालक दोघंही बोलून दाखवतात. २००५ साली न्यूयॉर्क राज्यातल्या सहा शाळांमधल्या तेवीसशेहून अधिक विद्यार्थ्यांवर याच शंकेचा नीट अभ्यास झाला. काहींना आत्महत्येबद्दलचे प्रश्न विचारले, काहींना नाही. ज्यांना विचारले त्यांच्यात तसे विचार वाढलेले दिसले नाहीत, आधीपासून त्रासात असलेल्यांमध्येही नाहीत. बैठकीत मी हे सांगते. पण लगेच पुढे हेही सांगते की विचारण्यात धोका नसला तरी विचारून गप्प बसण्यात आहे.

आता संमतीपत्र. आमच्या पहिल्या पत्रात ‘मुलांच्या सर्वांगीण विकासासाठी एक पाहणी’ असं गोड वाक्य होतं, आणि खाली, संमती नसेल तरच सही करून परत पाठवा, असं. बरीच पत्रं दप्तराच्या तळाशी राहिली. ज्या मुलीच्या घरी आम्हाला फोन करावा लागला, तिच्या आईने पहिलंच वाक्य म्हटलं, ‘‘माझ्या मुलीला मरणाबद्दल विचारायची परवानगी तुम्हाला कोणी दिली?’’ त्या बाईंचं काहीच चुकलं नव्हतं. त्यांना मुलीबद्दल सर्वात महत्त्वाची गोष्ट सांगायची ती दहा मिनिटं त्यांच्या रागात गेली, आणि तो राग आमच्या पत्राने पेरला होता.

आता पत्रात सरळ लिहितो: उदासी, काळजी आणि स्वतःला इजा करण्याचे विचार यांबद्दल प्रश्न असतील. उत्तरं शिक्षकांना किंवा इतर मुलांना दिसणार नाहीत. जिवाला धोका वाटला तर समुपदेशक त्याच दिवशी मुलाशी बोलतील आणि पालकांना कळवतील. सही असेल तरच मूल सहभागी. अशी होकाराची सही मागितली की सहभाग घटतो, आणि बहुधा जास्त अडचणीतल्या घरांमधलीच पत्रं परत येत नाहीत, ही या पद्धतीची खरी मर्यादा आहे. त्यावर आम्ही दोन स्मरणपत्रं आणि वर्गशिक्षकांचा एक फोन एवढंच करतो. तरीही सही आली नाही तर मूल बाहेर. पण ‘बाहेर’ म्हणजे वर्गाबाहेर नाही. त्याला त्याच रंगाच्या कागदावर वाचनाचा एक उतारा आणि काही प्रश्न मिळतात, म्हणजे शेजारच्याला फरक कळत नाही. पालकांची सही असली तरी मुलाची स्वतःची संमती वेगळी घेतो, प्रश्न दिसण्याआधी. ‘धोका वाटला तर ते मी माझ्या एकटीकडे ठेवणार नाही’ हे वाक्य तिथेच मोठ्याने वाचून दाखवतो. काही मुलं ते ऐकून सावध उत्तरं देतात. ते मला मान्य आहे.

दिवस निवडताना सोमवार ते बुधवार, पहिले दोन तास. शनिवार-रविवारच्या किंवा सुटीच्या आदल्या दिवशी कधीच नाही, कारण मग त्रासातलं मूल थेट घरी जातं आणि दोन दिवस कोणी नसतं. समुपदेशक दिवसभर शाळेत हव्यात. एका गोपनीय सर्वेक्षणात एका तुकडीतल्या ३८ मुलांपैकी चौघांना त्याच दिवशी भेटावं लागलं. प्रत्येकाला अर्धा-पाऊण तास धरला तर दोन-तीन तास तिथेच जातात. एका दिवशी पाच तुकड्या उरकायचा मोह होतो. एक समुपदेशक असेल तर एकच तुकडी घ्या.

प्रत्येक फॉर्मवर फक्त क्रमांक असतो. क्रमांक आणि नाव जोडणारी यादी वेगळ्या बंद पाकिटात समुपदेशकांकडे असते. फॉर्म गोळा झाले की आधी फक्त नववा प्रश्न पाहायचा. आम्ही A स्तंभात क्रमांक आणि B ते J मध्ये नऊ उत्तरं भरतो, आणि शेजारी हे सूत्र:

```
=IF(OR(J2="",J2>=1),"भेट","")
```

कोरं उत्तरसुद्धा ‘भेट’ दाखवतं, हे मुद्दाम केलं आहे. खोडून पुन्हा कोरं सोडलेलं उत्तर मी कधीच किरकोळ समजत नाही. आणि एकूण गुणांकडे या टप्प्यावर अजिबात पाहायचं नाही. सुरुवातीला आम्ही एकूण १० किंवा जास्त गुण असलेली मुलं वेगळी काढत होतो, कारण तपासणीची नेहमीची रेषा तीच. ती रेषा नैराश्याच्या अंदाजासाठी आहे, जिवाच्या धोक्यासाठी नाही.

त्या चौघांमधली एक १४ वर्षांची मुलगी. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) एकूण गुण ६, नवव्या प्रश्नाला १. जुन्या पद्धतीत ती सुटली असती. तिला वर्गातून बोलवायचं कसं, हाही प्रश्नच. फक्त चौघांना बोलावलं तर मधल्या सुटीपर्यंत अख्ख्या वर्गाला कळतं. म्हणून आम्ही दहा जणांना बोलावतो. बाकीच्या सहांना फॉर्ममधले शब्द समजले का, हे खरोखरच विचारतो, आणि त्यातून फॉर्म सुधारतोही.

मराठीत ‘मेले तर बरं होईल’ हे वैतागून सहज म्हटलं जातं, त्यामुळे १ गुणाचा अर्थ बोलल्याशिवाय कळत नाही. मॅडमनी तिला फॉर्म दाखवून विचारलं, ‘‘इथे तू काही दिवस असं वाटलं म्हणून लिहिलं आहेस. तेव्हा नेमकं काय मनात येतं?’’ आणि थोड्या वेळाने, आवाज न बदलता, ‘‘जीव द्यावा असं वाटतं का?’’ मी असते तर ‘असं काही नाही ना तुझ्या मनात?’ असं विचारलं असतं. त्या प्रश्नाला मूल ‘नाही’च म्हणतं, कारण विचारणाऱ्याला तेच ऐकायचं आहे, हे त्याला कळतं. मुलगी बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली की रात्री विचार येतो, कसं करायचं तेही ठरवलं आहे, आणि त्यासाठी लागणारी गोष्ट घरातच आहे. आधी कधी प्रयत्न केला का, आज, आत्ता तो विचार आहे का, घरी कोणाजवळ बोलता येतं, हे मॅडमनी एकेक करून विचारलं. आधी प्रयत्न नव्हता. त्या क्षणी विचार नव्हता. बोलण्यासारखी मावशी होती.

विचाराबरोबर योजना आणि साधनही हाताशी, म्हणून त्याच दिवशी पालकांना बोलवायचं ठरलं. ‘‘घरी सांगू नका,’’ ती म्हणाली. मॅडमनी आधी एक गोष्ट तपासली: घरात तिला कोणी मारतं का, त्रास देतं का, कोणाची भीती वाटते का. तसं असतं तर घरी फोन करणं हाच धोका ठरला असता आणि बालसंरक्षणाच्या कायदेशीर वाटेने जावं लागलं असतं. तसं नव्हतं. तिला आई रडेल याची भीती होती. मग काय सांगायचं आणि काय नाही, हे दोघींनी मिळून कागदावर लिहिलं. मैत्रिणीबरोबरच्या भांडणाचा तपशील वगळायचा, विचार येतात हे सांगायचं, आईबरोबर मावशीलाही बोलवायचं. त्या दोघी येईपर्यंत मुलगी एका मिनिटासाठीही एकटी नव्हती. पाणी प्यायला गेली तेव्हा मी बरोबर गेले.

आईला सांगताना मॅडमनी निदानाचा एकही शब्द वापरला नाही. फॉर्ममुळे निदान होत नाही. मुलगी काय म्हणाली ते तिच्याच शब्दांत सांगितलं, आणि आज रात्रीसाठी दोन कामं दिली: ती वस्तू कुलपात किंवा घराबाहेर, आणि मावशीने तिच्या खोलीत झोपायचं. मग आईसमोरच मानसोपचारतज्ज्ञांच्या दवाखान्यात फोन करून दुसऱ्या दिवशीची वेळ घेतली. नुसती चिठ्ठी दिली असती तर ती पर्समध्ये राहिली असती, असं मला आता वाटतं.

माझं काम होतं नोंद. तारीख, वेळ, मुलीचे शब्द जसेच्या तसे, कोणाला कधी कळवलं, काय ठरलं. ‘नैराश्यग्रस्त वाटते’ असं मी लिहिलं होतं, ते मॅडमनी खोडायला लावलं.

नववं उत्तर ० आहे म्हणून मूल ठीक आहे, असं मात्र धरू नका. भीतीपोटी शून्य लिहिणारी मुलं असतातच. म्हणून आमच्या फॉर्मच्या शेवटी सगळ्यांसाठी एक चौकट असते: ‘मला कोणाशी तरी बोलायचं आहे.’ त्या तुकडीत दोन मुलांनी नवव्याला ० देऊन ही चौकट भरली होती. त्यांच्याशी दुसऱ्या दिवशी बोलणं झालं.

आमच्या नोंदवहीत ‘पाठवलं’ याच्या शेजारी ‘पोचलं का’ असा रकाना आहे. तो दुसऱ्या दिवशी, आठवड्याने आणि महिन्याने भरायचा असतो. त्या मुलीच्या समोर पहिले दोन ‘हो’ आहेत. तिसऱ्या वेळी आई म्हणाली की आता ती बरी आहे, म्हणून जाणं थांबवलं. मॅडमनी त्यांना पुन्हा बोलावून घेतलं, आणि पुढची भेट ठरल्यावरच तो रकाना भरला. सगळ्या चौघांचे रकाने पूर्ण झाल्यावर क्रमांक आणि नावांची यादी मॅडमच्या समोर फाडून टाकली.