'प्लीज' लावलं तरी हुकूम तो हुकूमच

आमच्याकडे नव्याने लागलेल्या मुलांचे मेल क्लायंटला जाण्याआधी माझ्या नजरेखालून जातात. क्लायंट इंग्लंडचा, काम हिशेबाचं. व्याकरण बहुतेकांचं ठीक असतं, पण सूर दरडावल्यासारखा लागतो. मराठीत 'पाठव'चं 'पाठवा' केलं की मान राखला जातो. इंग्रजीत 'सेंड' साहेबालाही तेच आणि शिपायालाही तेच. त्याला 'प्लीज' जोडलं तरी समोरच्याला नाही म्हणायला जागा उरत नाही. 'काइंडली'ने तर नोटीस आल्यासारखं वाटतं.

परवाचा एक मेल घ्या: 'प्लीज सेंड द करेक्टेड फाइल टुडे. यू हॅव नॉट गिव्हन द टॅक्स कॉलम.' तो आम्ही असा केला: 'द टॅक्स कॉलम सीम्स टू बी मिसिंग. कुड यू सेंड द करेक्टेड फाइल टुडे?' आधी अडचण, मग विनंती. तक्रारीतला 'यू' गेल्यामुळे बोट माणसावरून कॉलमवर आलं. 'सीम्स'मुळे आपलीच नजर चुकली असण्याची शक्यताही मोकळी राहिली. 'टुडे' मात्र तसंच ठेवलं, कारण फाइल आजच हवी होती.

'कुड' आणि 'वुड' दिसायला भूतकाळी, पण इथे काळाशी त्यांचा संबंध नाही. ती एक पाऊल मागे सरकून विचारल्याची खूण आहे. 'आय वॉज वंडरिंग इफ यू कुड' म्हणजे आणखी मागे सरकणं. ते मोठ्या कामासाठी राखून ठेवा, उदाहरणार्थ कुणाला शनिवारी थांबायला सांगायचं असेल तेव्हा. रोजच्या फाइलसाठी वापरलंत तर टोमणा वाटेल.

मतभेदात आपली माणसं जास्त घसरतात. क्लायंट म्हणाला, शुक्रवारी द्या. 'नो, फ्रायडे इज नॉट पॉसिबल' हे खरं असलं तरी तोंडावर दार आपटल्यासारखं आहे. त्याऐवजी: 'फ्रायडे माइट बी टाइट, अ‍ॅज द चेक्स टेक टू डेज. वुड मंडे वर्क?' इथे 'माइट' फक्त आपल्या मताला लावलाय. तपासणीला दोन दिवस लागतात ही वस्तुस्थिती आहे, तिथे 'मेबी' नको. शुक्रवार अगदीच अशक्य असेल, तर मात्र 'माइट' काढून 'आय अ‍ॅम अफ्रेड वी कान्ट डू फ्रायडे' असं सरळ लिहा. नाहीतर तो शुक्रवारी फाइलची वाट बघत बसेल.

हीच भाषा तिकडूनही येते, आणि ती शब्दशः घेतली की पंचाईत होते. ब्रिटिश मॅनेजरने 'यू माइट वॉन्ट टू चेक द टोटल्स' लिहिलं, तर तो बहुधा सल्ला नसतो. बेरजा आत्ता तपासा. 'आय अ‍ॅम नॉट शुअर अबाउट धिस' हा बऱ्याचदा नकारच असतो. आणि फोनवर कुणी 'वुड यू माइंड वेटिंग?' विचारलं, तर थांबायला तयार असताना 'येस' म्हणू नका. त्याचा शब्दशः अर्थ 'हो, माझी हरकत आहे' असा होतो. 'नॉट अ‍ॅट ऑल' म्हणा.