टँकर की बोअर: आमच्या बिल्डिंगचा हिशोब

नाशिकला पाथर्डी फाट्याजवळ आमची आठ फ्लॅटची बिल्डिंग. उन्हाळ्यात साठेक टँकर लागायचे. 5,000 लिटरचा टँकर 900 रुपयांना, म्हणजे हजार लिटरला 180, असं सगळे धरून चालले होते. एकदा मी खालच्या टाकीत काठी बुडवून पातळी मोजली. पाणी 4,400 लिटरच! खरा भाव 205 रुपये पडत होता.

बोअरचा अंदाज, पंप आणि केसिंग धरून, 1,60,000. दहा वर्षांत वाटले तर वर्षाला 16,000 आणि दुरुस्तीचे 6,000. विजेची सगळ्यांना धास्ती, पण ती हजार लिटरला जेमतेम सहा रुपये. खरा खर्च खोदाईचा, म्हणून पाणी जितकं जास्त मिळेल तितकं स्वस्त. साठ टँकरइतकं मिळालं तर हजार लिटर 89 रुपयांना. पंचवीस टँकरइतकंच मिळालं तर टँकर आणि बोअर सारखेच.

प्रश्न उरला मे महिन्याचा. इथं काळा बेसॉल्ट, पाणी फक्त भेगांमधून येतं. पाणाड्याला विचारण्याऐवजी मी शेजारच्या बोअरवर घड्याळ लावलं. वीस मिनिटांनी पाईप हवा ओकायला लागायचा, मग तीन तास विसावा. तरी दिवसाला चार-पाच हजार लिटर निघत होतं. आमची गरज 2,200.

शेजारी पाणी म्हणजे आपल्याकडेही लागेलच असं नाही, हे मीटिंगमध्ये आधीच सांगून टाकलं. लागलं. पाणी संपलं की पंप आपोआप बंद करणारा ड्राय रन कटऑफ बसवला. पाणी जड आहे, त्यामुळे ते फक्त वापरायला, पिण्याला नळाचंच.