किल्ली फिरवली की नुसती टिकटिक

बॉनेट उघडण्याआधी एका माणसाला किल्लीवर बसवा आणि आपण बाहेर उभे राहा, म्हणजे आवाज नीट ऐकू येतो. गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला, एसी आणि म्युझिक बंद. हाताशी दहाचा पाना, जुना टूथब्रश, खायचा सोडा, गरम पाणी आणि साधा मल्टिमीटर हवा. हातातली अंगठी काढून ठेवा. पाना चुकून दोन्ही टर्मिनलना टेकला तर ठिणगी उडते.

आता केबिनमधला दिवा लावायला सांगा आणि सेल्फ मारताना त्यावर नजर ठेवायला सांगा. टिक-टिक-टिक असा झपाट्याने आवाज आला आणि डॅशबोर्डचे दिवे त्याच तालात फडफडले, तर बहुधा बॅटरी उतरलेली आहे. स्टार्टर मोटरला वीज जोडणारा सोलेनॉइड ओढला जातो, मोटर करंट मागते, व्होल्टेज कोसळतं, सोलेनॉइड सुटतो, आणि हेच चक्र पुन्हा सुरू होतं. गाडी रात्रभर उभी असेल तर मल्टिमीटरवर साधारण 12.6 दिसायला हवेत. 12 च्या खाली असेल तर जंपर केबल शोधा.

एकच 'टक्' होऊन दिवे लख्ख राहिले, तर संशय सोलेनॉइडवर किंवा मोटरच्या ब्रशवर. स्टार्टर हाताला लागत असेल तर कोणी सेल्फ मारत असताना त्याच्या अंगावर पान्याच्या दांड्याने हलकेच ठोका. त्याने गाडी सुरू झाली तरी खूश होऊ नका, थेट गॅरेज गाठा.

सगळ्यात फसवं प्रकरण लूज टर्मिनलचं. परवा आमची गाडी दहा दिवस उभी होती. किल्ली फिरवली, एक 'टक्' आणि सगळे दिवे गुल. शेजाऱ्यांनी नवीन बॅटरीच सांगितली. पण बॅटरीच्या खुंटावर 12.5 दाखवत होते. मग मल्टिमीटरची एक सुई ऋण खुंटावर, दुसरी त्याच खुंटाच्या क्लॅम्पवर टेकवून मुलाला सेल्फ मारायला सांगितला. तिथे अर्ध्या व्होल्टच्या वर काही दिसायला नको. आकडा थेट आठाच्या पुढे गेला. म्हणजे बॅटरी धडधाकट, आणि वीज खुंट आणि क्लॅम्पच्या मधल्या पांढऱ्या खारात अडकलेली. क्लॅम्प हाताने फिरवला तर चक्क फिरला!

क्लॅम्प सोडवताना ऋण बाजू आधी, बसवताना ऋण शेवटी. गरम पाण्यात सोडा घालून खार ब्रशने घासा, पाणी बॅटरीच्या झाकणांत जाऊ देऊ नका, कोरडं पुसून क्लॅम्प हलणार नाही इतपत आवळा. खुंट शिशाचा असतो, जोर लावून पिळू नका. आमची गाडी पहिल्या सेल्फला उचलली.