कंडेन्सर ड्रायर: कपडे ओलेच राहिले तर आधी टाकी बघा

साताऱ्यात जुलैच्या झडीत ड्रायर दोन-दोनदा लावूनही चादरी दमट निघत असतील, तर मेकॅनिकला फोन करण्याआधी पाण्याची टाकी ओढून बघा. ड्रममधली गरम, दमट हवा हीट एक्स्चेंजरच्या पातळ पत्र्यांवर गार होते, तिचं पाणी खाली साचतं आणि पंप ते टाकीत चढवतो. पाच किलो सुती कपड्यांत पिळल्यावरही साधारण तीन लिटर पाणी उरतं. त्यातलं बरंचसं टाकीत आलं पाहिजे. टाकी अर्धीच, कपडे ओले आणि खोलीत वाफ कोंडलेली असेल, तर एक्स्चेंजर तंतूंनी चोंदलाय किंवा त्याचं रबर नीट बसलेलं नाही.

१. टाकी दर वेळी रिकामी करा. भरली की मशीन मध्येच थांबतं.

२. दारातली जाळी दर वेळी पुसा. तरी बारीक तंतू पुढे जातातच, म्हणून पावसाळ्यात एक्स्चेंजर महिन्याला धुवा. प्लग काढून मशीन गार होऊ द्या, खालची झडप उघडा, खिट्ट्या फिरवून तो बाहेर ओढा. नळाखाली आधी लांबीच्या बाजूने, मग आडवं पाणी सोडा. राखाडी लगदा निघतो. निथळवून, रबर पुसून परत बसवा.

पत्र्यांत ब्रश किंवा सुरी घालू नका, ते लगेच वाकतात. हीट पंपवाल्या मशीनमध्ये हा भाग बहुधा निघतच नाही; तिथे पुस्तिकेत सांगितलंय तेवढंच करा.

टाकीतलं पाणी फरशीला चालतं, प्यायला नाही.