जिन्यात धूर दिसला तर: नव्याने राहायला आलेल्यांसाठी आगीच्या सरावाची सूचना

पर्वरीतील आपल्या सोसायटीत गेल्या काही महिन्यांत पुणे, कोल्हापूर, बेळगाव अशा ठिकाणांहून बरीच कुटुंबे राहायला आली आहेत. मी स्वतः सांगलीहून येथे येऊन स्थायिक झालो आणि सध्या समितीत अग्निसुरक्षेचे काम पाहतो. येत्या रविवारी सकाळी दहा वाजता आगीचा सराव आहे. त्यात नेमके काय करायचे आणि ते तसेच का करायचे, हे नव्या रहिवाशांना आधीच कळावे, म्हणून ही सूचना सविस्तर लिहीत आहे.

आपली इमारत तळाशी पार्किंग आणि वर चार मजले अशी आहे. प्रत्येक विंगला एकच जिना आहे आणि त्या जिन्याच्या तोंडाशीच मीटर खोली आहे. गोव्यात या उंचीच्या अनेक इमारती अशाच बांधलेल्या आढळतात. उंच इमारतींत असतो तसा धूर अडवणाऱ्या दरवाजांचा वेगळा जिना आपल्याकडे नाही, त्यामुळे मीटर खोलीत आग लागली तर धूर सर्वांत आधी आपल्या एकमेव वाटेत शिरणार आहे. सराव याच प्रसंगावर बेतलेला आहे. स्वयंपाकघरातील आग किंवा गॅसगळती यांचा विचार वेगळ्या सूचनेत करू.

भिंती विटांच्या आणि छत काँक्रीटचे असल्याने खालची आग लगेच तुमच्या घरात येत नाही. धूर मात्र येतो. गरम धूर वर चढतो आणि सरळ उभा जिना त्याला धुराड्यासारखा उपयोगी पडतो. तो आधी सर्वांत वरच्या मजल्यावर छताखाली साठतो आणि तेथून थर वाढत खाली उतरतो. त्यामुळे मीटर खोली तळाशी असली तरी चौथ्या मजल्याचा जिना दुसऱ्या मजल्याच्या आधी काळा होऊ शकतो. जळणाऱ्या वायरींच्या वेष्टनाचा धूर डोळ्यांना आणि घशाला इतका झोंबतो की माणसाला दोन पायऱ्यांपलीकडचे दिसेनासे होते. त्यातील कार्बन मोनॉक्साइडला तर वासही नसतो आणि रंगही नसतो. डोके जड होते, विचार गोंधळतात, पायांतले बळ जाते, आणि आपल्याला काही होत आहे हे त्या माणसाच्या लक्षातही येत नाही. नाकाला ओला रुमाल लावल्याने काजळी काही प्रमाणात अडते, पण हा वायू अडत नाही. ओला टॉवेल डोक्यावर घेऊन धुरातून धावत खाली जाता येईल, ही समजूत कृपया मनातून काढून टाकावी.

आता तिसऱ्या मजल्यावरील एका घराचे उदाहरण घेऊ. घरात गुडघेदुखीने त्रस्त असलेल्या आजी, मुलगा, सून आणि शाळकरी नात आहेत. खाली वॉचमनला मीटर खोलीच्या दाराच्या फटीतून धूर येताना दिसतो आणि तो हूटर वाजवतो. अशा वेळी सुनेने आधी गॅसचा रेग्युलेटर बंद करावा आणि मुलाने मुख्य दरवाजाच्या वरच्या भागाला हाताची मागची बाजू लावून पाहावी. दरवाजा गरम नसेल तर तो वीतभर उघडून जिना पाहावा. खालचा आणि वरचा टप्पा स्वच्छ दिसत असेल तर सर्वांनी त्याच क्षणी निघावे. आजींच्या पुढे एकाने आणि मागे एकाने राहावे, कठड्याच्या बाजूने उतरावे आणि घराचा दरवाजा ओढून घ्यावा, पण कुलूप लावू नये. उघडा राहिलेला दरवाजा धुराला घरात येण्याची वाट देतो, आणि कुलूप लावले तर आत कोणी राहिले आहे का हे अग्निशामक दलाच्या जवानांना पाहता येत नाही. लिफ्ट वापरू नये. मीटर खोलीतच आग असल्यामुळे वीज कोणत्याही क्षणी जाईल आणि माणसे दोन मजल्यांच्या मध्ये, धुराच्या वाटेतच अडकून पडतील.

जिन्यात धूर दिसला तर निर्णय उलटा घ्यायचा. छताखाली पातळ धूर असेल तरीही तिसऱ्या मजल्यावरच्या माणसाने खाली उतरू नये, कारण तो ज्या दिशेने जाणार आहे तेथेच धुराचा उगम आहे आणि दोन मजले उतरेपर्यंत काय झालेले असेल हे वरून दिसत नाही. अशा वेळी मागे फिरून दरवाजा लावावा. येथे मी आग्रहाने सांगतो की जाळीचा दरवाजा म्हणजे दरवाजा नव्हे. येथील उकाड्यात आपण मुख्य दरवाजा उघडा ठेवून नुसती जाळी ओढून घेतो, ती धुराच्या दृष्टीने काहीच अडवत नाही. लाकडी मुख्य दरवाजा लावून त्याखालच्या फटीत ओला टॉवेल घट्ट कोंबावा, बाजूच्या फटींना ओली चादर लावावी आणि स्वयंपाकघरातील व बाथरूममधील एक्झॉस्ट पंखे बंद करावेत. हा शेवटचा मुद्दा फारसा कोणाला माहीत नसतो. एक्झॉस्ट पंखा घरातील हवा बाहेर फेकतो, आणि तेवढीच हवा दरवाजाच्या फटीतून, म्हणजे धुराने भरलेल्या जिन्यातून, आत ओढली जाते. वीज गेली म्हणून पंखा थांबला असेल असे गृहीत धरू नये, कारण येथे बहुतेक घरांत इन्व्हर्टर आहे आणि त्यावर तो पंखा चालूच राहतो.

त्यानंतर सर्वांनी रस्त्याच्या बाजूच्या खोलीत जमावे, त्या खोलीचेही दार लावावे आणि खिडकी उघडून पाहावी. बाहेरून खालचा धूर वर येत असेल तर ती पुन्हा बंद करावी, नसेल तर उघडी ठेवून उजळ रंगाचे कापड हलवावे. खोलीत धूर शिरू लागलाच तर जमिनीलगत बसावे, तेथे हवा अधिक काळ श्वास घेण्याजोगी राहते. बाल्कनीच्या लोखंडी ग्रिलला उघडणारी खिडकी असेल तर तिच्या कुलपाची किल्ली त्याच खोलीत, बाहेरून हात पोहोचणार नाही अशा खिळ्यावर कायम टांगलेली असावी. ग्रिलला अशी खिडकीच नसेल, तर ती करून घेण्याबद्दल समितीशी बोलावे.

घरात थांबण्याचा हा नियम आग दुसरीकडे असताना लागू होतो. आग स्वतःच्याच घरात असेल तर थांबायचे नाही, सर्वांना घेऊन निघायचे आणि दार ओढून घ्यायचे. शिवाय साधा लाकडी दरवाजा अग्निरोधक दरवाजाइतका टिकत नाही. तो मदत येईपर्यंत वेळ मिळवून देतो, म्हणूनच फोन लवकर करणे आवश्यक आहे.

फोन ११२ किंवा १०१ या क्रमांकावर करावा. वॉचमनने केला असेल असे समजून थांबू नये. पत्ता सांगताना शहरातून आलेल्यांची येथे अडचण होते, कारण गोव्यात गल्लीच्या नावापेक्षा वाडा आणि जवळची खूण अधिक उपयोगी पडते. म्हणून आधी गाव आणि वाडा, मग जवळचे देऊळ किंवा क्रॉस, मग सोसायटीचे पूर्ण नाव, विंग, मजला आणि घर क्रमांक या क्रमाने सांगावे. आपल्या सोसायटीचे दोन फेज असून त्यांची फाटके वेगवेगळ्या रस्त्यांवर आहेत, त्यामुळे फेज सांगायला विसरू नये. जिन्यात धूर आहे, आम्ही इतकेजण अमुक बाजूच्या खोलीत आहोत, एक व्यक्ती चालू शकत नाही, एवढे सांगून समोरचा ठेवीपर्यंत फोन ठेवू नये. हा मजकूर कागदावर लिहून दरवाजाच्या आतल्या बाजूस चिकटवावा, कारण घाबरलेल्या माणसाला घर क्रमांकही चटकन आठवत नाही.

गच्चीबद्दल दरवेळी विचारणा होते. दोन्ही विंगांची गच्ची सलग असल्याने एका जिन्याने वर जाऊन दुसऱ्याने उतरता येईल, असे अनेकांना वाटते. जिना स्वच्छ असेल तर खाली जाणेच सोपे आहे, आणि जिन्यात धूर असेल तर वर जाणारा माणूस धूर सर्वाधिक साठतो त्या माथ्याकडेच चाललेला असतो. तेव्हा ही वाट कोणी स्वतःच्या मनाने वापरू नये. माथ्यावरच्या झरोक्यांचे महत्त्व मात्र मोठे आहे, कारण आत शिरलेला धूर बाहेर पडण्याची तीच जागा आहे. पावसाळ्यापूर्वी झोडपणारा पाऊस आत येऊ नये म्हणून काही रहिवासी त्यांवर प्लास्टिक ताणतात. ते यावर्षी काढण्यात येईल आणि त्याऐवजी पाऊस अडवून हवा जाऊ देणाऱ्या तिरक्या पट्ट्या बसवल्या जातील. जिन्यालगतच्या वायरींच्या डक्टमधूनही धूर मजल्यामजल्यावर पोहोचतो, म्हणून इंटरनेट किंवा केबलवाल्याने नवे भोक पाडल्यास ते बुजवून घेतल्याशिवाय त्याला जाऊ देऊ नये.

सरावाचे दोन भाग आहेत. पहिल्या हूटरला जिना स्वच्छ आहे असे समजून सर्वांनी खाली उतरावे आणि फाटकाबाहेरील क्रॉसजवळ जमावे. पार्किंगमध्ये थांबू नये, कारण आग तेथेच आहे असे आपण धरले आहे. दुचाकी किंवा मोटार बाहेर काढण्याचा मोहही टाळावा, कारण रस्ता बंबासाठी मोकळा हवा. क्रॉसजवळ प्रत्येक मजल्याचा प्रतिनिधी घरांच्या यादीवरून माणसे मोजेल. काही फ्लॅट कुलूपबंद असतात आणि काही पर्यटकांना भाड्याने दिलेले असतात, त्यामुळे आज रात्री घरात किती माणसे आहेत हे वॉचमनच्या वहीत नोंदवणे मालकांना बंधनकारक केले आहे.

सर्वजण परत घरी गेल्यावर अर्ध्या तासाने दुसरा हूटर वाजेल. त्या वेळी पहिल्या मजल्याच्या वळणावर लाल कापड टांगलेले असेल, त्याचा अर्थ जिन्यात धूर आहे. ज्यांना दार किलकिले केल्यावर ते कापड दिसेल त्यांनी, आणि त्यावरच्या सर्व मजल्यांवरील रहिवाशांनी, घरातच थांबून वर सांगितल्याप्रमाणे फटी बंद कराव्यात. स्वयंसेवक जिन्यातून फिरून दाराखाली टॉवेल नीट बसला आहे का आणि पंखे बंद आहेत का, हे पाहतील. गेल्या सरावात अनेकांनी टॉवेल कोरडाच ठेवला होता आणि तो दार हलताच सरकत होता. तो पाण्यात बुडवून, किंचित पिळून, गुंडाळी करून पायाने दाबून बसवावा.

वॉचमनसाठी आणि खाली असणाऱ्या सर्वांसाठी एक सूचना आहे. मीटर खोलीतील आगीवर पाणी मारू नये आणि दारातून धूर येत असेल तर ते दार उघडू नये, कारण ताजी हवा मिळताच आत दबलेली आग भडकते. बाहेर ठेवलेले कार्बन डायऑक्साइडचे नळकांडे केवळ सुरुवातीच्या लहान ज्वाळेसाठी आहे आणि ते वापरण्याचे शिक्षण घेतलेल्यानेच वापरावे. वीज खात्याला कळवून पुरवठा बाहेरून तोडून घ्यावा. आपल्या घरातील मेन स्विच बंद केल्याने मीटर खोलीतला प्रवाह थांबत नाही.

ज्यांच्या घरी चालता न येणारी, ऐकू न येणारी किंवा ऑक्सिजनवर असलेली व्यक्ती आहे, त्यांनी शनिवारी संध्याकाळपर्यंत घर क्रमांक आणि त्या व्यक्तीची झोपण्याची खोली लिहून चिठ्ठी वॉचमनकडे द्यावी. ती यादी फाटकाजवळच्या बंद पेटीत राहील आणि प्रसंग आल्यास बंबासोबत आलेल्या अधिकाऱ्यांच्या हाती प्रथम दिली जाईल.